‘अम्मा’ची ‘आई’ का होत नाही: डबिंगमधले ओठ आणि आवाज

प्रश्न: तेलुगू सिनेमा मराठीत किंवा हिंदीत बघताना काही ठिकाणी तोंड आणि शब्द इतके जुळतात की मूळ सिनेमा याच भाषेतला वाटतो, आणि काही ठिकाणी अजिबात जुळत नाहीत. एकच सिनेमा चार भाषांत येतो तेव्हा स्टुडिओवाले ओठ कसे जुळवतात? आणि कुठल्या नटाला कुणाचा आवाज द्यायचा हे कशावरून ठरतं? मी ठाण्यातच राहतो, या क्षेत्रात यायचा विचार आहे.

उत्तर: तुम्ही दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण आमच्या कामात ते एकमेकांत अडकलेले असतात. ओठांमुळे शब्द बदलतो, शब्दामुळे पात्राची बोली बदलते आणि बोली बदलली की आधी निवडलेला आवाज चालेनासा होतो. मी अठरा वर्षं संवादलेखन आणि डबिंग दिग्दर्शन करतोय, त्यातली शेवटची काही वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात उभारलेल्या छोट्या स्टुडिओत. तिथलंच एक काम सांगतो. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण त्यात आमच्या चुकाही येणार आहेत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. सगळे ओठ कुणीच जुळवत नाही. पाठमोरा माणूस, लांबचा शॉट, समोरच्याच्या खांद्यावरून दिसणारा अर्धा गाल, भरघोस मिशा, या सगळ्यांत लेखकाला मोकळीक असते. (दाढीवाला खलनायक आला की आम्हाला मनापासून आनंद होतो.) म्हणून लिहायला बसण्याआधी मी अख्खी रील आवाज बंद करून बघतो आणि ज्या वाक्यांत तोंड जवळून दिसतं त्यांच्यावर खूण करतो. खरा घाम तेवढ्याच वाक्यांवर गाळायचा.

त्या वाक्यांतही प्रेक्षकाचा डोळा मोजक्याच गोष्टी पकडतो. तोंड हलायला लागलं आणि आवाज आला नाही, किंवा तोंड मिटलं तरी आवाज चालूच, हे पहिलं. दुसरं, ओठ पूर्ण मिटतात ते. शाळेत ओष्ठ्य व्यंजनं शिकलो ना, प, ब, भ, म, त्यांना स्टुडिओत ‘लेबियल’ म्हणतात. पडद्यावर ओठ मिटलेले असताना कानावर ‘का’ आलं की खोटेपणा उघडा पडतो. तिसरं, ओठांचा चंबू, म्हणजे उ आणि ओ. त, द, न, क, ग, ल, र हे सगळे जिभेचे खेळ, ते आतल्या आत चालतात आणि बाहेरून फारसे दिसत नाहीत. त्यामुळे ‘न’च्या जागी ‘ग’ आला तर कुणालाही कळत नाही. प, ब, म हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बेलाशक बसवता येतो.

एक बारकावा मात्र नव्या लेखकांना उशिरा कळतो. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतानाच आवाज सुरू होतो. ‘प’ म्हणताना मिटलेल्या ओठांमागे शांतता असते आणि ओठ सुटताना आवाज फुटतो. म्हणून मूळच्या ‘प’वर मी ‘म’ लिहिला, तर कलाकाराला एक-दोन फ्रेम आधी उचल घ्यावी लागते. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची. हा हिशेब किरकोळ वाटेल, पण आवाज चित्राच्या आधी आला तर आपल्याला फार लवकर खटकतं आणि मागून आला तर बरंच चालून जातं. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, ती 1998 सालची आहे, आवाज 45 मिलिसेकंद पुढे गेला किंवा 125 मिलिसेकंद मागे पडला की फरक जाणवू लागतो असं धरलं आहे. आमच्या भाषेत, पुढे एक फ्रेम आणि मागे तीन. त्यामुळे शंका असेल तेव्हा वाक्य किंचित मागे ठेवायचं.

आता ते काम. मूळ सिनेमा तेलुगू, आणि हिंदी, तमिळ, मराठी एकाच दिवशी येणार होते. तेलंगणातल्या एका खेड्यातली गोष्ट. बाप आजारी, घरात खायची वानवा, म्हणून दहा वर्षांच्या मुलाला आई शहरात मामाकडे पाठवते आहे. पोरगा दाराच्या चौकटीला धरून उभा, कॅमेरा थेट चेहऱ्यावर, आणि तो म्हणतो, “अम्मा... नेनु वेळ्ळनु.” अर्थ साधा आहे. आई, मी जाणार नाही.

पहिल्या मसुद्यात मी तसंच लिहिलं होतं, “आई, मी जाणार नाही.” कागदावर छान. चित्रावर धरलं आणि सगळं कोसळलं. ‘अम्मा’त पोराचे ओठ चार फ्रेम घट्ट मिटलेले दिसतात, आणि आपल्या ‘आई’त ओठ एकदाही मिटत नाहीत! मराठीतला सगळ्यात जिव्हाळ्याचा शब्द डबिंगमध्ये सगळ्यात अडचणीचा आहे. वर ‘नेनु’त ओठ मिटत नाहीत आणि मी तिथे ‘मी’ घातला होता. म्हणजे हवा तिथे ओष्ठ्य नाही आणि नको तिथे आहे.

मग पर्याय धुंडाळले. ‘मम्मी’ ओठांवर अगदी चपखल बसतं, पण या पोराच्या पायात चप्पल नाही, तो मम्मी कसला म्हणतोय. ‘अम्मा’च ठेवावं का? हिंदीवाल्यांनी तेच केलं, कारण हिंदी पट्ट्यात अम्मा म्हणणारी घरं आहेत. मराठीत ते ऐकताच माणूस दाक्षिणात्य वाटतो, आणि बाकीचं सगळं घर मराठी बोलत असताना एकटं पोरगं परकं होतं. उरलं ‘माय’. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात घरोघरी चालणारा शब्द. तेलंगणाची हद्द नांदेडला लागूनच असल्यामुळे मातीचा पोतही जवळचा.

तरी ‘माय’ जसाच्या तसा बसत नव्हता. ‘अम्मा’त ओठ मिटायच्या आधी तोंड थोडं उघडतं, त्या ‘अ’साठी. तिथे आम्ही शब्द न टाकता हुंदक्याचा श्वास टाकला. शेवटचा ‘आ’ लांब आहे आणि ‘य’ने जबडा वर येतो, म्हणून ‘माऽय’ असा ताणून ‘य’ अगदी शेवटच्या क्षणाला, जवळजवळ गिळलेला.

पुढचं “नेनु वेळ्ळनु” पाच अक्षरांचं. दोनदा चंबू आहे, दुसऱ्या आणि पाचव्या अक्षरावर. मधल्या ‘वे’ला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो खरा, पण झटक्यात, नजरेत भरत नाही. “नाही जाणार” घेतलं तर अक्षरं कमी पडतात आणि शेवटी ओठ गोल असताना ‘र’ येतो. दोन दिवस ते वाक्य डोक्यात घेऊन मी ठाणे ते डोंबिवली लोकलमध्ये ओठ हलवत बसलो होतो, समोरचे लोक बघायचे. शेवटी सुचलं ते हे: “माय... नको गं धाडू.” न, को, गं, धा, डू. पाच अक्षरं, दुसऱ्यावर ओ, पाचव्यावर ऊ, आणि मध्ये कुठेही ओठ मिटत नाहीत. अर्थ थोडा सरकला. मूळ पोरगा नकार देतो, आमचा पोरगा विनवतो. दृश्यात तो पुढे रडतच असल्याने ते चाललं. पण प्रत्येक वेळी चालत नाही. पुढे सिनेमात “मी तेव्हाच नाही म्हणालो होतो” असा संवाद असता तर मला हे वाक्य टाकून द्यावं लागलं असतं. म्हणून पूर्ण सिनेमा पाहिल्याशिवाय एकही वाक्य पक्कं करू नये.

तमिळच्या लेखकाची गंमत ऐका. तेलुगू आणि तमिळ एका कुळातल्या भाषा, ‘अम्मा’ फुकटात मिळाली, तेव्हा त्याचं काम सोपं असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण ‘मी जाणार नाही’ला तमिळमध्ये सरळ वाक्य होतं “नान पोग माट्टेन”, त्यात ‘पो’ आणि ‘मा’ असे दोनदा ओठ मिटतात आणि पडद्यावरचं पोरगं एकदाही मिटवत नाही. त्यालाही आमच्याइतकंच झगडावं लागलं. भाषा जवळची असली म्हणून ओठ जवळचे होत नाहीत. जवळच्या भाषांचा खरा फायदा वेगळाच आहे. तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी या सगळ्यांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नटाने शेवटच्या शब्दाला मान झटकली किंवा डोळे मोठे केले की आपलाही जोराचा शब्द आपोआप तिथेच पडतो. इंग्रजी सिनेमा करताना हे सुख नाही. तिथे जोर भलत्याच जागी येतो आणि वाक्य उलटंपालटं करावं लागतं.

नात्याच्या हाका कायम त्रास देतात म्हणून आणखी एक सांगतो. तेलुगूत वडिलांना ‘नान्ना’ म्हणतात, ओठ मिटत नाहीत, आणि आपले ‘बाबा’ दोनदा मिटतात. तिथे ‘नाना’ किंवा ‘अण्णा’ बसतं आणि खेड्यातल्या घरात शोभतंही. तमिळ सिनेमा असेल तर तिथला ‘अप्पा’ म्हणजे आपला ‘आप्पा’, काही करावंच लागत नाही. आणि ‘चेप्पु’, म्हणजे सांग, हा शब्द तेलुगू सिनेमात पावलोपावली येतो. ‘सांग’ त्यावर बसत नाही. “ए, बोल” बसतं. ‘ए’ आणि ‘चे’ला तोंड सारखं पसरतं, ‘प्पु’वर ‘बो’ तंतोतंत.

आता आवाजाकडे येतो. आईच्या भूमिकेसाठी आमच्याकडे आवाज आधीच पक्का झाला होता. नाटकात काम करणाऱ्या एक बाई, सुंदर भरदार आवाज, निर्मात्याकडून मंजुरीही आलेली. त्यांची मराठी मात्र अगदी प्रमाण. पोराने ‘माय’ म्हटलं आणि माय उत्तरली ती थेट सदाशिव पेठेतून! मी त्यांना म्हटलं, “ताई, जरा गावाकडचं होऊ द्या.” त्यांनी प्रयत्न खूप केला. एकेक वाक्य तोलून बोलल्या की जमायचं. पण रडताना, धावत बोलताना माणूस आपल्या मूळ बोलीवर येतो. बत्तीस लूप झाल्यावर मी थांबवलं. लूप म्हणजे रेकॉर्डिंगसाठी पाडलेला संवादाचा छोटा तुकडा, एका दमात बोलता येईल एवढा. त्यांचं मानधन दिलं आणि मूळच्या परभणीच्या, आता ऐरोलीत राहणाऱ्या एका कलाकार बाईंना बोलावलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. लिखाण पक्कं व्हायच्या आधी मी आवाज पक्का केला होता.

आवाज निवडताना आम्ही काय ऐकतो? नुसता जाड-बारीक नाही. चेहरा आणि छाती बघून त्या शरीरातून हा आवाज निघेल का, हे पहिलं. नट ज्या लयीत श्वास घेतो त्या लयीत हा माणूस बोलू शकतो का, हे दुसरं, कारण दमछाक झालेल्या शॉटमध्ये छाती दिसत असते. आणि त्या सिनेमातल्या बाकीच्या आवाजांत हा वेगळा ओळखू येतो का. दोघं भाऊ अंधारात बोलत असतील आणि दोन्ही आवाज सारखेच खर्जातले असतील, तर कोण बोलतंय ते कळत नाही. चाचणीला मी तीन तुकडे देतो. एक अगदी हळू बोललेला जवळचा शॉट, एक ओरडण्याचा, आणि एक निव्वळ गप्पांचा. गप्पांच्या तुकड्यात सर्वांत जास्त लोक गळतात. रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची सवय असलेले नट माइकसमोर ‘चहा घेतोस का’ हेसुद्धा जाहीर करतात.

बापाचा आवाज आम्ही कशावरून निवडला, तर खोकल्यावरून. डबिंगसाठी मूळ संवाद काढून संगीत आणि इतर ध्वनींचा वेगळा ट्रॅक येतो. नटांचं कण्हणं, खोकणं, मारामारीतले हुंकार बऱ्याचदा बाजूच्या आणखी एका ट्रॅकवर मिळतात, हवे तर वापरा, नको तर पुन्हा करा. या बापाचा खोकला मूळ नटाने इतका खरा केला होता की चारही भाषांत तोच ठेवायचा असं ठरलं. म्हणजे आमच्या माणसाचं वाक्य संपतं आणि लगेच दुसऱ्याच्या घशातला खोकला येतो. सांधा दिसता कामा नये. तीन आवाजांपैकी दोन उत्तम होते, पण खोकल्याला लागून वाजवले की दोघांचे तुटायचे. तिसरा नट आवाजाने साधाच, पण घशातली खरखर त्याच जातीची. त्याला घेतलं.

पोराचा आवाज खऱ्या पोराचाच घेतला. लहान मुलांना बऱ्याचदा बायका आवाज देतात आणि कार्टूनमध्ये ते खपून जातं, पण एवढ्या जवळच्या चेहऱ्यावर मला धोका नको होता. त्याला कागद वाचायला दिलाच नाही. मी बूथमध्ये शेजारी बसून वाक्य बोलायचो आणि म्हणायचो, “आता तू म्हण, बाळा, त्याचं तोंड उघडलं की.” रडण्याचे लूप दिवसाच्या शेवटी ठेवले. घसा एकदा बसला की उरलेला दिवस वाया जातो.

चारही भाषांत आवाज सारखे असावेत का? नाही, आणि तसा कुणी आग्रहही धरत नाही. मूळ दिग्दर्शकाकडून पात्रांची एक टिपणी सगळ्यांकडे जाते. वय, घरची स्थिती, कुठली गोष्ट शेवटपर्यंत लपवायची, नावांचे उच्चार. नावं न बदलण्याचा एक फायदा असाही की नावाच्या ठिकाणी ओठ आपोआप जुळतात. पुढे प्रत्येक भाषेचा दिग्दर्शक आपापला आवाज शोधतो आणि मंजुरीला पाठवतो. हिंदीत ‘बाहुबली’च्या प्रभासला शरद केळकरांनी आणि ‘पुष्पा’च्या अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंनी आवाज दिला. दोघांपैकी कुणीही मूळ नटाची नक्कल करायला गेलं नाही. मोठ्या नटाच्या बाबतीत हे सगळं बाजारावरही ठरतं. कधी नट स्वतःच दुसऱ्या भाषेत बोलतो आणि प्रेक्षक त्याचे उच्चार चालवून घेतात. छोट्या बजेटच्या कामात एकच माणूस तीन-चार किरकोळ पात्रं करतो. तेव्हा मी सांगितलेली पद्धत प्रत्येक ठिकाणी दिसेल असं समजू नका.

तुमच्या प्रश्नातलं एक राहिलं, काही ठिकाणी अजिबात का जुळत नाही. त्याचं कारण दर वेळी लेखक किंवा कलाकार नसतो. सगळ्या भाषा एकाच दिवशी लावायच्या म्हटल्यावर मूळ संकलन चालू असतानाच आम्हाला रील येते. याच कामात चौथ्या रीलमधून मागाहून 11 फ्रेम कापल्या गेल्या आणि बदलाची यादी आमच्यापर्यंत आलीच नाही. कापलेल्या जागेपासून पुढचं प्रत्येक वाक्य जवळपास अर्धा सेकंद उशिरा. मिक्सिंगच्या आदल्या रात्री आमच्या साउंड इंजिनीअरने ते पकडलं आणि पहाटेपर्यंत बसून तुकडे सरकवले. बघताना हे ओळखता येतं. एखाद्या जागेनंतर सगळं सारख्याच अंतराने मागेपुढे झालं असेल तर संकलन बदललं आहे. चूक हळूहळू वाढत जात असेल तर चित्राचा आणि आवाजाचा वेग जुळलेला नाही. कुणी 24च्या जागी 23.976 फ्रेमचं चित्र दिलं तर वीस मिनिटांच्या रीलच्या शेवटाला सव्वा सेकंदाच्या आसपास फरक पडतो. आणि आजूबाजूची वाक्यं नीट असून एखादंच वाक्य ओठांवर बसत नसेल, तर तिथे माझ्यासारख्या कुणाला तरी ‘नको गं धाडू’ सुचलेलं नसतं.